एआय म्हणतो, “मागच्या आठवड्यात आपलं ठरलं होतं.” खरंच ठरलं होतं का?

मेधा_कर्वेनगर

सोसायटीची वार्षिक सभा तोंडावर आली आहे आणि सचिवपद माझ्या गळ्यात आहे. चोवीस फ्लॅटची जुनी तीन मजली इमारत, लिफ्ट नाही. नोटिसा आणि इतिवृत्तांचे कच्चे मसुदे मी एका एआय चॅटबॉटकडून करून घेते. कुठला ते महत्त्वाचं नाही. जुन्या गप्पा लक्षात ठेवायची जी सोय असते, ती मी सेटिंगमध्ये बंद ठेवली आहे.

परवा नवीन चॅट उघडून लिहिलं: “मागच्या आठवड्यात आपण ठरवलेले तिन्ही आकडे घालून सभेच्या नोटिशीचा मसुदा दे. हस्तांतरण शुल्क, बिनभोगवटा शुल्क आणि रंगकामाचं कोटेशन.”

उत्तराची सुरुवातच “नक्कीच! मागच्या आठवड्यातील आपल्या चर्चेनुसार” अशी. हस्तांतरण शुल्क २५,००० रुपये, बिनभोगवटा शुल्क सेवाशुल्काच्या १० टक्के आणि रंगकाम १,८०,००० रुपये, “तीन कोटेशनपैकी सर्वांत कमी”.

पहिले दोन आकडे अगदी बरोबर. मागच्या आठवड्याच्या चॅटमध्ये हेच होते. रंगकामाचा मात्र साफ चुकीचा. आमचं कोटेशन २,३६,५०० चं आहे आणि कोटेशनं दोनच आली होती. हे सांगितल्यावर म्हणे, “क्षमस्व, मी आपल्या १२ तारखेच्या संभाषणातील आकडा घेतला होता.” १२ तारखेला मी गावी होते, ॲप उघडलंही नव्हतं.

आमच्या खजिनदारांचं म्हणणं, तीनातले दोन बरोबर आले म्हणजे त्याला आठवतंय, फक्त थोडी सरमिसळ झाली. मला ते पटत नाही. पण मग दोन बरोबर कसे आले, याचं उत्तरही माझ्याकडे नाही. जाणकारांनी सांगावं.

पेठी_पुणेकर

सोपं आहे. फुकटात वापरताय ना? त्याची टोकनची मर्यादा असते. मर्यादा भरली की जुनं पुसलं जातं. तुमचे पहिले दोन आकडे मर्यादेत राहिले, तिसरा बाहेर पडला. पैसे भरा, सगळं आठवेल.

अनुस्वार

पेठीकर, मर्यादा असते हे खरं, पण ती एकाच चॅटच्या आतली गोष्ट. एक संभाषण फार लांबलं की सुरुवातीचा भाग गळतो, नाहीतर त्याचा सारांश करून ठेवला जातो. मेधाताईंनी नवीन चॅट उघडली होती आणि आठवणीची सोय बंद होती. तिथे मागचे आकडे गळण्याचा प्रश्नच येत नाही, ते मुळात पोचलेच नव्हते.

मी बाणेरला एका कंपनीत ग्राहकांशी बोलणारे असेच बॉट जुळवायचं काम करतो. मॉडेलला आपण पाठवतो ते साधारण असं दिसतं:

```json
[
  {"role": "system", "content": "तू मदतनीस आहेस. मराठीत उत्तर दे."},
  {"role": "user", "content": "मागच्या आठवड्यात आपण ठरवलेले तिन्ही आकडे घालून..."}
]
```

त्याच्या दृष्टीने जग एवढंच. चॅट चालू असताना प्रत्येक नवीन प्रश्नाबरोबर आधीचे सगळे प्रश्न आणि उत्तरं पुन्हा पाठवली जातात, म्हणून त्या चॅटपुरतं त्याला “आठवतं”. तुमच्याशी बोलून मॉडेलच्या आत काही बदलत नाही. नवीन चॅटमध्ये हा कागद कोरा असतो. कंपनीने आठवणीची सोय दिली असेल आणि ती चालू असेल, तर मॉडेलकडे जाण्याआधी त्या कागदावर चार ओळी वाढतात. तेही वाचणंच झालं.

आता खजिनदारांचा मुद्दा. तिन्ही आकडे एकेक करून बघा, प्रत्येक कुठून आला असेल.

२५,००० ही महापालिका हद्दीतल्या सोसायट्यांसाठी हस्तांतरण शुल्काची कमाल मर्यादा. आदर्श उपविधींत आहे आणि सोसायट्यांवरच्या शेकडो लेखांत छापून आलेली आहे. सेवाशुल्काच्या १० टक्के ही बिनभोगवटा शुल्काची मर्यादा, तीही तितकीच प्रसिद्ध. कोथरूड काय, नाशिक काय, कोणीही नोटीस मागितली असती तरी हेच दोन आकडे आले असते. तुमच्या समितीनेही कमाल मर्यादाच घेतली, म्हणून जुळले.

रंगकामाचं कोटेशन जगात फक्त तुमच्या फायलीत आणि त्या जुन्या चॅटमध्ये होतं. खरी परीक्षा तिथेच होती आणि तिथेच तो पडला. “तीन कोटेशन” बघा, सोसायट्या साधारण तीन मागवतात म्हणून तीन. तुमच्याकडे दोनच आली होती, हे त्याला कळणार कसं? तीनातले दोन बरोबर, असा हिशोबच चुकीचा आहे. आठवल्याशिवाय सांगता न येणारी गोष्ट एकच होती आणि ती चुकली.

मेधा_कर्वेनगर

हे पटलं. खजिनदारांना वाचायला दिलं, ते म्हणाले “हम्म”. पण माहीत नाही तर “माहीत नाही” म्हणायला काय जातं? आणि ती १२ तारीख कुठून आली?

वकीलकाका

मेधा, यात माझ्या धंद्यातलं काही आहे म्हणून लिहितो. शिवाजीनगर कोर्टात उभी हयात गेली. तुझा प्रश्न शुद्ध सूचक प्रश्न आहे. जुन्या पुरावा कायद्याच्या कलम १४१ मध्ये व्याख्या होती: विचारणाऱ्याला जे उत्तर हवं आहे किंवा अपेक्षित आहे ते सुचवणारा प्रश्न. स्वतःच्या साक्षीदाराला सरतपासणीत असे प्रश्न विचारायला विरोधी पक्ष हरकत घेतो, कारण साक्षीदार मान डोलवतो आणि मग ती साक्ष त्याची की वकिलाची, कळत नाही.

“आपण ठरवलेले तिन्ही आकडे” यात काहीतरी ठरलं, ते दोघांनी मिळून ठरलं, आकडे तीन होते, मागच्या आठवड्यात ठरलं, हे सगळं तूच देऊन टाकलंस. साक्षीदाराला फक्त रिकाम्या जागा भरायच्या होत्या.

माणसंसुद्धा हेच करतात. १९७४ मध्ये लॉफ्टस आणि पामर यांनी लोकांना मोटार अपघाताच्या फिती दाखवून वेग विचारला. प्रश्नात “एकमेकींना लागल्या” ऐवजी “एकमेकींवर आदळून चक्काचूर झाल्या” अशा धर्तीचं क्रियापद वापरलं की सांगितलेला वेग वाढायचा. आठवड्याने त्याच लोकांना फुटलेली काच पाहिली का विचारलं, तर जोरदार क्रियापद ऐकलेल्यांपैकी जास्त जण हो म्हणाले. फितीत काच फुटलेलीच नव्हती.

अनुस्वार

काका, मुद्दा चपखल आहे. एक फरक मात्र सांगतो. त्या लोकांनी निदान फीत पाहिली होती. इथे साक्षीदार घटनास्थळी नव्हताच.

मेधाताई, “माहीत नाही” का म्हणत नाही ते सांगतो. लग्नात एखादे लांबचे काका समोर येऊन “काय, ओळखलंस का? मागे नगरला भेटलो होतो!” म्हणतात, तेव्हा आपण काय म्हणतो? “अरे हो, कसं नाही ओळखणार!” माणसांनी लिहिलेल्या मजकुरात “मागे आपलं ठरलं होतं त्याप्रमाणे” या वाक्यानंतर बहुतेक वेळा ठरलेली गोष्टच येते. “आपलं असं काही ठरलंच नव्हतं” क्वचित येतं. मॉडेल अशाच मजकुरावर शिकलं आहे. त्यावर पुढच्या टप्प्यात माणसांना उत्तरं दाखवून कुठलं आवडलं ते विचारतात आणि त्या पसंतीप्रमाणे त्याला वळण लावतात. पसंती देणाऱ्यालाही होकार देणारं, काम करून देणारं उत्तर गोड लागतं. त्यामुळे हो ला हो करायची खोड आणखी पक्की होते.

याच्या उलट शिकवणही देतात, की आधीची संभाषणं दिसत नसतील तर तसं सांग. पण ती शिकवण समोरून विचारल्यावर उपयोगी पडते. “तुला मागचं बोलणं आठवतं का?” असं विचारलं तर पुष्कळदा नाही म्हणेल. तुमच्या वाक्यात मुख्य मागणी नोटिशीची होती आणि आठवण तिच्या पोटात दडलेली. तिथे मॉडेल नोटिशीच्या मागे लागतं. एकच मॉडेल सकाळी “मला आठवत नाही” म्हणतं आणि दुपारी आकडे सांगतं, ते यामुळे.

१२ तारखेचंही तसंच. एकदा “आपल्या चर्चेनुसार” असं लिहून बसलं की ते वाक्यही कागदावर येतं आणि पुढचं सगळं त्याला धरून लिहिलं जातं. तुम्ही चूक दाखवलीत, आता खुलासा हवा. आकडा कुठून आला हे बघायला त्याच्याकडे कुठली वही नाही. मग शोभेल असा खुलासा तयार होतो आणि खुलाशात तारीख शोभते. माझ्या मते चुकलेल्या आकड्यापेक्षा ही माफी जास्त फसवी, कारण तिच्यामुळे मागे कुठेतरी दप्तर आहे असं वाटतं.

म्हणून त्याच चॅटमध्ये “नक्की का? अजून काय ठरलं होतं?” विचारत बसू नका. खोदाल तेवढं नवीन निघेल. “नक्की का?” म्हटल्यावर खरं उत्तरही मागे घेतो आणि खोटंही.

गुलबक्षी

माझा प्रश्न थोडा वेगळा आहे. वडील सत्याहत्तर वर्षांचे, सहकारनगरला एकटे असतात. सकाळी उठून साखर मोजतात आणि आकडा फोनवर एआयला सांगतात. परवा मी तिथे असताना त्याने लिहिलं, “कालच्यापेक्षा आज सुधारणा आहे, छान!” बाबा खूश. मी वही पाहिली तर काल १३८ आणि आज १५२, दोन्ही उपाशीपोटीचे. बाबांचा मुक्काम एकाच वाक्यावर: “त्याला माझं सगळं माहीत आहे.” तो बाबांची माहिती दुसऱ्या कोणाला सांगत असेल का, याची मला जास्त काळजी वाटते.

पेठी_पुणेकर

ताई, तुमची काळजी वेगळी आहे, त्यावर वेगळा धागा काढा. इथे आठवणीचं चाललंय.

अनुस्वार

पेठीकर, असू द्या, याच धाग्यातलं उदाहरण आहे.

गुलबक्षी, आधी एक बघा: बाबा रोज नवीन चॅट उघडतात की एकाच लांबलचक चॅटमध्ये लिहितात? नवीन उघडत असतील तर “काल” त्याच्यासमोर नव्हताच. आजचा आकडा सांगणाऱ्या वयस्कर माणसाला उत्साह देणारं वाक्य तेवढं जुळवलं. एकाच चॅटमध्ये असेल तर वर सरकवून कालचा आकडा दिसतो का बघा. दिसत असूनही उलट सांगितलं, तर ती आठवण बनवणं नव्हे, समोरचं वाचण्यातली चूक. दोन्हींवर उपाय एकच: वहीतले गेल्या आठ दिवसांचे आकडे रोज त्याच संदेशात लिहायचे. मग तुलना समोरच्या मजकुरावरून होईल, तरीही वहीशी ताडून बघा. औषधाचा निर्णय डॉक्टरांचाच.

माहितीच्या काळजीबद्दल एवढंच, की चॅट पुसली म्हणजे साठवलेली आठवणही पुसली असं धरून चालू नका. चॅटजीपीटीत या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, आठवणींची यादी सेटिंगमध्ये जाऊन वेगळी पुसावी लागते.

गुलबक्षी

रोज नवीन चॅट उघडतात. मीच शिकवलं होतं, पसारा नको म्हणून. वहीचं आज सांगते.

मेधा_कर्वेनगर

मग ओळखायचं कसं? प्रत्येक वेळी माझ्याकडे कोटेशनची फाईल नसणार.

वकीलकाका

उलटतपासणी घे. न घडलेली गोष्ट घडल्यासारखी विचार. साक्षीदार तिलाही हो म्हणाला, तर त्याच्या बाकीच्या “हो”ची किंमत शून्य.

मेधा_कर्वेनगर

काका, करून पाहिलं. नवीन चॅट उघडून लिहिलं: “मागच्या वेळी लिफ्टच्या देखभाल कराराबद्दल आपलं जे ठरलं, ते दोन ओळींत इतिवृत्तात घालायचं आहे.” आमच्याकडे लिफ्टच नाही, वर लिहिलंय. उत्तर आलं, “सभेत ठरल्याप्रमाणे लिफ्टचा वार्षिक देखभाल करार नूतनीकरण करण्यात येईल व दर तीन महिन्यांनी तपासणी होईल.” समितीच्या ग्रुपवर टाकलं, खजिनदारांनी अंगठा दाखवला.

मग आणखी एक नवीन चॅट उघडून लिहिलं: “लिफ्टबद्दल आपलं आधी काही बोलणं झालं आहे का? तुला दिसत नसेल तर तसं सांग.” यावर सरळ म्हणाला, आधीचं कोणतंही संभाषण मला दिसत नाही.

अनुस्वार

वा, लिफ्ट नसलेल्या इमारतीचा देखभाल करार. यापेक्षा स्वच्छ चाचणी नाही. दोन्ही वेळा नवीन चॅट घेतलीत हेही बरोबर केलंत, नाहीतर पहिल्या उत्तराची सावली दुसऱ्यावर पडली असती.

त्यात थोडी भर घालतो. तेच वाक्य दोन-तीन कोऱ्या चॅटमध्ये जसंच्या तसं टाकून बघा. रंगकामाचा आकडा एकदा १,८०,००० आणि एकदा २,२५,००० आला, तर निकाल लागला. तोच आकडा पुन्हा आला तरी खात्री धरू नका, तुमचे २५,००० शंभरदा विचारलं तरी २५,०००च येतील. म्हणून विचारायची गोष्ट अशी हवी, जी तुमच्या प्रश्नात नाही आणि जगालाही ठाऊक नाही. कोटेशनचा आकडा चालतो, रंगाऱ्याने घातलेली विचित्र अट चालते. “आपण खर्च कमी करण्यावर भर दिला होता” असलं वाक्य चालत नाही, ते कुठल्याही सोसायटीला लागू पडतं.

सरळ विचारल्यावर आलेल्या “दिसत नाही” यावरही डोळे झाकून विश्वास ठेवू नका. सोय चालू असूनही काही वेळा तो नाही म्हणतो. त्याला स्वतःच्या जोडणीची माहिती असेलच असं नाही.

टेकडीवाला

सोय चालू असेल तर काय? माझी चालू आहे आणि त्याला खरंच आठवतं. मी शाकाहारी आहे, रोज सकाळी वेताळ टेकडीवर जातो, गुडघा दुखतो, सगळं सांगतो. तुमचा हा सगळा उपद्व्याप माझ्यासाठी बाद.

अनुस्वार

बाद नाही, उलट अवघड होतो. चॅटजीपीटीत फेब्रुवारी २०२४ मध्ये जपून ठेवलेल्या आठवणींची चाचणी सुरू झाली. एप्रिल २०२५ मध्ये जुन्या चॅटचा संदर्भ घ्यायची सोय आली. जपलेल्या आठवणींची यादी सेटिंगमध्ये उघडून वाचता येते. त्या बहुधा “वापरकर्ता शाकाहारी आहे”, “गुडघेदुखी आहे” अशा तुटक ओळी असतात. कोण काय म्हणालं, कोणत्या दिवशी, याचं शब्दशः टिपण नव्हे.

त्यामुळे “तुमचा गुडघा दुखतो” हे खरं येईल आणि त्याच वाक्याला जोडून “गेल्या गुरुवारी तुम्ही म्हणालात की उतरताना जास्त दुखतं” हे बनवलेलं येऊ शकतं. गुडघा यादीतला, गुरुवार आणि उतरणं हवेतलं. खऱ्याला लागून आलेलं खोटं पकडणं जास्त कठीण. तारीख आणि अवतरण चिन्हांतलं तुमचं वाक्य दिसलं की ॲपच्या इतिहासात शोधा. काही ॲप जुनी चॅट शोधली की तसं दाखवतात, मूळ चॅटचा दुवाही देतात. असा दुवा असेल तर उघडून बघा. नुसतं “मी आपली जुनी चर्चा पाहिली” हे वाक्य म्हणजे दुवा नव्हे.

टेकडीवाला

यादी उघडली. गुडघा आहे, टेकडी आहे, शाकाहार आहे. पण माझ्या कुत्र्याचं नाव यादीत नाही आणि तो मला “मोती कसा आहे?” विचारतो. हे कसं?

पेठी_पुणेकर

पुण्यात निम्म्या कुत्र्यांचं नाव मोती आहे.

टेकडीवाला

तो नावाने विचारतो हो, अंदाजाने नाही!

अनुस्वार

जुन्या चॅटचा संदर्भ घेणारी दुसरी सोय चालू असेल तर त्यातून येऊ शकतं, आणि तिथून काय उचललं जातं हे त्या यादीत दिसत नाही. स्वतःबद्दलच्या सूचनांच्या रकान्यात तुम्ही लिहिलं असेल, असंही असू शकतं. किंवा त्याच चॅटमध्ये वर कुठेतरी नाव आलं असेल. पेठीकरांचा मुद्दाही मी पूर्ण सोडत नाही. दोन्ही सोयी बंद करून कोऱ्या चॅटमध्ये “माझ्या कुत्र्याचं नाव काय?” एवढंच विचारा आणि सांगा.

टेकडीवाला

बंद करून विचारलं. “मला माहीत नाही” म्हणाला. चालू करून विचारलं तर “मोती” म्हणाला. मग आमच्याकडे नसलेल्या मांजरीचं नाव विचारलं, तर म्हणाला, मांजरीचा उल्लेख आधी झालेला नाही.

मेधा_कर्वेनगर

म्हणजे यांच्या बाबतीत खरंच आठवलं?

अनुस्वार

मोतीपुरतं तरी कुठूनतरी खरं पोचतंय असं दिसतं. मांजर खोटी होती आणि तिला तो भुलला नाही, हीही जमेची बाजू. पण मांजरीचं सरळ विचारलंत. “मनीच्या लसीचं आपलं ठरलं होतं तसं वेळापत्रक करून दे” असं कामाच्या पोटात दडवून विचारा, मग बघू.

वकीलकाका

मेधा, एक व्यवहाराचं. तो लिफ्टचा मसुदा ग्रुपवर टाकला आहेस, तो तिथून काढ. सभेच्या कागदपत्रांच्या गर्दीत कोणीतरी तो इतिवृत्तात चिकटवेल.

मेधा_कर्वेनगर

काढला, काका. उशीर झाला होता, दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी विचारलंय की लिफ्ट कधी बसणार.

टेकडीवाला

मनीच्या लसीचं वेळापत्रक दिलं. तारखांसकट.